हळदीचा डाग आणि दोन प्रकारचं ब्लीच

पांढऱ्या सुती सदऱ्यावर वरण सांडलं, घाईने साबण लावला आणि पिवळा डाग लालसर झाला, हे बहुतेक घरांत घडतं. डाग चिघळला असं वाटतं, पण तसं काही नसतं. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात लाल दिसतं, इतकंच. वरणातलं तेल साबणाने निघून जातं. कर्क्युमिन मात्र धाग्यात मुरलेलं असतं. ते घालवायचं तर त्याचा रेणूच मोडावा लागतो, आणि ब्लीच नेमकं तेच करतं. रेणूतल्या ज्या बंधांमुळे रंग दिसतो, ते बंध ब्लीच तोडतं.

अडचण एवढीच की, डागाचा रंग कुठला आणि कापडाचा कुठला हे ब्लीचला कळत नाही.

बाटलीत मिळणारं, उग्र वासाचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. ते गार पाण्यातही झपाट्याने काम करतं. म्हणून ते फक्त पांढऱ्या सुती कपड्यांसाठी. रेशीम आणि लोकर त्यात खराब होतात, स्पॅन्डेक्स पिवळं पडतं. सदरा आधी नेहमीसारखा धुऊन घ्यावा, कारण घाम आणि मळ शिल्लक असला की क्लोरीन त्यावरच खर्च होतं. मग अर्धी बादली, म्हणजे साधारण ८ लिटर, गार पाण्यात ६० मिली ब्लीच ढवळून मिसळावं आणि त्यानंतरच सदरा बुडवावा. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळावं. पाच ते दहा मिनिटं पुरतात. रात्रभर भिजत ठेवलं तर डागासोबत सुताचा सेल्युलोजही तुटू लागतो. कापड आधी पिवळट दिसतं, मग पिळताना कॉलरपाशी विरतं. नीट धुऊनही पांढरे कपडे पिवळट होत असतील तर पाणीही तपासावं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीनमुळे त्याचा गंज होऊन धाग्यावर बसतो, आणि आणखी ब्लीच घातलं की तो वाढतच जातो.

हाच डाग निळ्या सुती कुर्त्यावर असेल तर ऑक्सिजन ब्लीच घ्यावं. त्याच्या पुड्यावर सोडियम परकार्बोनेट असं लिहिलेलं असतं. पाण्यात पडल्यावर त्यापासून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेरॉक्साइडचा जोर सौम्य असतो. पक्क्या रंगाचं सुती कापड तो बहुधा सोसतं आणि डाग हळूहळू फिका होतो. विहिरीत किंवा टाकीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर मात्र ही नव्हे. तीही पांढरी पूडच असते, पण ती क्लोरीनचीच, आणि रंगीत कपड्याचा रंग उडवते.

ऑक्सिजन ब्लीचला ऊब आणि वेळ दोन्ही लागतं. गार पाण्यात ते जवळजवळ निजूनच असतं. दोन भाग नळाच्या पाण्यात एक भाग उकळतं पाणी घातलं की साधारण ५० अंश होतात. पांढऱ्यासाठी ते योग्य, रंगीतसाठी थोडं निवू द्यावं. चार लिटरला एक मोठा चमचा पूड घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावी. कण तसेच राहिले तर निळ्या कापडावर फिकट ठिपके उमटतात. भिजवल्यावर सोड्यामुळे डाग पुन्हा लाल होईल, तेव्हा कुर्ता बाहेर काढू नये. तास-दोन तासांनी लाली उतरू लागते. उरलासुरला पिवळेपणा उन्हात वाळवताना जातो, कारण कर्क्युमिन उन्हानेही मोडतं.

कुर्ता भिजवण्याआधी शिवणीच्या आतल्या बाजूला तेच द्रावण लावून दहा मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने टिपून पाहावं. फडक्यावर रंग आला किंवा ती जागा फिकी झाली तर थांबावं. कपड्याच्या लेबलवरचा त्रिकोणही पाहावा. रिकामा त्रिकोण असेल तर कोणतंही ब्लीच चालतं, आत दोन तिरप्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनचं, आणि त्रिकोणावर फुली असेल तर कोणतंच नाही.

सगळ्यात मोठा धोका कपड्याला नसून माणसाला आहे, तो क्लोरीन ब्लीच दुसऱ्या कशात मिसळल्याने. संडास साफ करायच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचमध्ये पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना इजा करतो. ब्लीचचा वास घालवायला व्हिनेगर किंवा लिंबू वापरतात, त्यानेही हाच वायू सुटतो. अमोनियाच्या क्लीनरसोबत विषारी क्लोरामाइन बनतात. दोन्ही ब्लीचही एकत्र करू नयेत. वास जाईपर्यंत साध्या पाण्यात खळबळणं हाच सुरक्षित उपाय. डोळे चुरचुरले किंवा ठसका लागला तर बादलीत आणखी काही न ओतता लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावं, आणि श्वासाचा त्रास थांबला नाही तर दवाखाना गाठावा.

ऑक्सिजन ब्लीचचं उरलेलं द्रावण बाटलीत भरून झाकण घट्ट लावू नये. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. ते मोरीत ओतून टाकावं आणि पुढच्या वेळी ताजं करावं.