स्प्रिंग नळी वाकवत नाही, ती फक्त सावरते

बोहरी आळीतून स्प्रिंग आणायची, एसएस ट्यूबवर चढवायची, गुडघ्यावर जोर लावायचा आणि घडी पडली की म्हणायचं, "माल हलका होता." भोसरीच्या शेडपासून चाकणच्या प्लँटपर्यंत मी हेच ऐकत आलोय. माल बहुतेक वेळा ठीकच असतो.

एसी बसवणाऱ्यांना स्प्रिंग शिकवायला नको. तीन सुताची मऊ कॉपर घ्यायची, स्प्रिंग बाहेरून चढवायची, जागा सरकवत थोडं थोडं वाकवायचं आणि शेवटी किंचित उलट देऊन पिळत काढायची. फ्लेअर केल्यावर ती निघत नाही, एवढं आधी बघा.

खरी गफलत पुढे आहे. नळी वाकताना बाहेरची भिंत ताणली जाते, आतली दाबली जाते आणि पोकळी चपटी होऊन बाजूंना पसरू बघते. स्प्रिंग हे पसरणं अडवते, पण वळण किती गोलाईचं असावं हे ती ठरवत नाही. ते तुमच्या अंगठ्यांवर असतं. मऊ कॉपर कमी जोरात वाकते, त्यामुळे हाताला वळण पसरून देता येतं. स्टेनलेसला जोर जास्त लागतो. तो जोर एका जागी एकवटला की तिथेच घडी पडते आणि स्प्रिंगही तिच्यासोबत वाकते.

लिव्हर बेंडरमध्ये गोलाई चाकाची असते, हाताची नाही. चार सुताच्या बेंडरला साधारण 38 मिमी त्रिज्या मिळते. चाकाची खाच नळीच्या दोन्ही बाजू धरते आणि समोरचा बूट तिला खाचेत दाबत पुढे जातो. म्हणून एसएसला लिव्हरच, यावर मी वाद घालत नाही. ट्यूब दोनेक अंश परत उघडते, तेव्हा 90 साठी 92 पर्यंत न्या. जास्त वाकलं तर उलटं सरळ करत बसू नका. तिथला धातू आधीच कडक झालेला असतो.

पण लिव्हरही खाच मापाची असेल तरच कामाची. 12 मिमीची ट्यूब चार सुताच्या म्हणजे 12.7 च्या बेंडरमध्ये "बसते की" म्हणून घालणारे मला सगळ्यात जास्त खटकतात. बसते, पण बाजूंना आधार राहत नाही. अशाच एका वळणावर मी व्हर्नियर लावला, तर आडवं माप 12.6 आणि उभं 11.3 भरलं. फरक 1.3, म्हणजे जवळपास 11 टक्के. आतून दाब असलेल्या पाइपिंगसाठी एएसएमई बी31.3 फक्त 8 टक्के चालवून घेतं. डोळ्यांना मात्र ते वळण चांगलंच दिसत होतं. 12 च्या बेंडरवर त्याच ट्यूबचं दुसरं टोक वाकवलं, तेव्हा फरक अर्धा मिमी आला.