लिथियमची रक्तपातळी

द्विध्रुवीय विकारावर (बायपोलर) दिल्या जाणाऱ्या लिथियमची रक्तातील मात्रा. हे औषध उपयोगी पडते ती पातळी आणि विषबाधा होते ती पातळी यांत अंतर फार थोडे असते. म्हणून डोस केवळ गोळ्या मोजून नव्हे, तर रक्त तपासून ठरवतात. आजार आटोक्यात ठेवण्यासाठी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर पातळी पुरते. ती १.५ च्या वर गेली की धोका गंभीर होतो, वृद्धांना त्याआधीही होऊ शकतो.

लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. घामावाटे किंवा जुलाबावाटे पाणी आणि मीठ गेले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्यासोबत लिथियमही अडवते. विदर्भातला उन्हाळा म्हणूनच या रुग्णांसाठी जोखमीचा असतो. समजा, गडचिरोलीकडची एक बाई रोज रात्री ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेते आणि फेब्रुवारीत तिची पातळी ०.७ होती. मे महिन्यात ती पहाटेपासून तेंदूपत्ता तोडायला जाते, घाम गाळते, पाणी कमी पिते. कंबर धरली म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणून चार दिवस खाते. ही गोळीही मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडू देत नाही. मग हगवण, उलटी, हाताची ठळक थरथर, अडखळती जीभ आणि चालताना झोक जाणे सुरू होते. घरचे ‘ऊन लागलं’ म्हणतात. गोळ्या तिने नेमाने, नेहमीच्याच घेतलेल्या असतात, तरी पातळी १.८ निघते. अशा वेळी पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. बीपीच्या काही गोळ्याही पातळी वाढवतात, त्यामुळे कोणत्याही डॉक्टरला लिथियम चालू असल्याचे आधी सांगावे. नुसती बारीक थरथर आणि जास्त तहान मात्र योग्य पातळीतही आढळते.

रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी काढतात. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला. सकाळचा डोस असेल तर तो रक्त देऊन झाल्यावर घ्यायचा. तालुक्याची एसटी उशिरा पोहोचली तर लपवू नये, गोळीची आणि रक्त काढल्याची खरी वेळ चिठ्ठीवर लिहून घ्यावी. लिथियम हेपॅरिन असलेल्या नळीत रक्त घेतले तर आकडा खोटा वाढतो. सुरुवातीला आणि डोस बदलल्यावर आठवड्याने, पातळी स्थिर झाल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे बहुधा सहा महिन्यांनी तपासणी होते. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी बघतात.

चांगला आकडा नियमितपणाचा पुरावा नसतो. आधी महिनाभर चुकवून तपासणीपूर्वी आठवडाभर गोळ्या घेतल्या तरी तो ०.७ येऊ शकतो, आणि मधल्या काळात आजार का उलटला हे डॉक्टरला कळत नाही. त्यामुळे चुकलेल्या गोळ्या स्पष्ट सांगणे हा तपासणीचाच भाग आहे. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. बरे वाटते म्हणून एकदम बंद केल्यास उन्माद परतण्याचा धोका वाढतो. बंद करायचेच ठरले तर डॉक्टर डोस निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन हळूहळू उतरवतात.