कंपनी दुसऱ्यानं घेतली की छोट्या शेअरवाल्याचं काय होतं: कंपनी कायद्यातल्या कलम 395 ते 236 ची पार्श्वभूमी

बेळगावात यमनापूरच्या इंडालचा मालक 2000 साली बदलला, कॅनडाच्या अल्कनचा हिस्सा हिंडाल्कोनं घेतला, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवतं. मालक बदलला की कामगारांचं काय होणार हे सगळे विचारतात, पण ज्याच्या कपाटात कुठल्या तरी कंपनीचे 50-100 शेअर कागदी पडून आहेत त्याचं काय हे कोणी विचारत नाही. आणि निपाणी, चिकोडी, खानापूरकडं असे कागद बऱ्याच घरात आहेत, वडिलांच्या नावावरचे.

जुन्या 1956 च्या कंपनी कायद्यात कलम 395 होतं, इंग्रजांच्या कायद्यावरून आलेलं. घेणाऱ्यानं ऑफर दिली आणि किमतीच्या हिशोबानं 90 टक्के शेअरवाल्यांनी चार महिन्यांत ती मान्य केली, तर उरलेल्यांना नोटीस देऊन त्यांचे शेअर त्याच भावात सक्तीनं घेता येत होते. नको असेल तर एक महिन्यात कोर्टात जायचं, पण तिथं भाव अन्यायकारक आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावरच, कारण 90 टक्के लोकांनी मान्य केलेला भाव बरोबरच असणार असं कोर्ट धरून चालायचं.

पण 90 टक्क्यांची अट जड, म्हणून कंपन्यांनी दुसरी वाट काढली, भांडवल कमी करायची. 75 टक्के मतांनी स्पेशल रिझोल्यूशन म्हणजे विशेष ठराव करायचा, फक्त छोट्यांचेच शेअर रद्द करायचे आणि पैसे द्यायचे. पुण्याच्या सँडविक एशियानं हेच केलं, एका न्यायाधीशांनी नाकारलं, पण 2009 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठानं मान्य केलं. म्हणजे बाहेर काढता येतं हे ठरलं, राहिला फक्त भावाचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी लढाई तिथंच आहे.

कॅडबरी इंडियाची केस यासाठी नीट बघण्यासारखी आहे. कंपनी 2003 च्या सुमारास शेअर बाजारातून डिलिस्ट झाली, त्यामुळे रोजचा भाव दिसायचा बंद. जवळजवळ सगळे शेअर परदेशी मालकाकडं, तरी काही लोकांनी विकले नाहीत. मग कंपनीनं भांडवल कमी करायचा अर्ज केला आणि भाव दिला 1,340 रुपये. छोट्यांनी हरकत घेतली, कोर्टानं शेअरची किंमत काढणारा दुसरा तज्ज्ञ, म्हणजे व्हॅल्युअर, नेमला, आकडा 1,743 झाला, त्यावरही हरकती आल्या आणि शेवटी 2014 मध्ये 2,014.50 रुपयांना मंजुरी मिळाली. 100 शेअरवाल्याला 1,34,000 च्या जागी 2,01,450, म्हणजे 67,450 रुपये जास्त, आणि ते फक्त लोक हरकत घेऊन उभे राहिले म्हणून. पण हेही लक्षात ठेवा की कोर्ट स्वतः भाव काढत बसत नाही, व्हॅल्युअरच्या रिपोर्टमध्ये ठळक चूक किंवा उघड अन्याय दाखवावा लागतो. म्हणून रिपोर्ट मागून घ्या आणि त्यात बघा की कुठली पद्धत वापरली, पुढच्या वर्षांची कमाई किती धरली, आणि शेअर बाजारात विकता येत नाहीत म्हणून डिस्काउंट कापलाय का. बाहेर जायला तुम्हाला भाग पाडलं जातंय आणि वर तेच कारण देऊन भाव कापायचा, हे मला तरी पटत नाही.

2013 च्या कंपनी कायद्यात कलम 235 मध्ये जुनी पद्धत राहिली, महिन्याभरात ट्रिब्युनलकडं, म्हणजे कंपन्यांच्या वादांसाठीच्या न्यायाधिकरणाकडं, जायची मुभाही राहिली. नवीन आलं ते कलम 236, ही दोन्ही कलमं डिसेंबर 2016 मध्ये लागू झाली. कुणाकडं 90 टक्के शेअर गोळा झाले की तो उरलेले शेअर घेतो म्हणून कळवतो, पण भाव रजिस्टर्ड व्हॅल्युअरनं नियमाप्रमाणे काढलेला लागतो. अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या, कंपनीत मागच्या 12 महिन्यांत घेणाऱ्यानं दिलेला सगळ्यात जास्त भाव, पुस्तकी किंमत, प्रति शेअर कमाई हे सगळं त्यात धरायचं असतं. पैसे वेगळ्या बँक खात्यात किमान एक वर्ष ठेवायचे. सर्टिफिकेट तुम्ही नाही दिलं तरी ते रद्द समजलं जातं, म्हणून कागद घरात आहे म्हणजे शेअर आहे असं समजू नका. शेअरवाला वारलाय आणि वारसांची नावं चढलेली नाहीत, तर वारसांना तीन वर्षांची मुदत आहे.

236 ची कमी बाजू म्हणजे 235 सारखा महिन्याभरात हरकतीचा सरळ रस्ता त्यात लिहिलेला नाही. मग उरतं कलम 241, जुलूम आणि गैरकारभाराचं कलम. तिथं अर्ज करणाऱ्यांकडं मिळून 10 टक्के भांडवलाचे शेअर लागतात, जे उरलेल्यांकडं जवळपास नसतंच, पण 100 सभासद म्हणजे शेअरवाले किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा, यातलं जे कमी ते चालतं, आणि ट्रिब्युनल ही अट माफही करू शकतं. म्हणून एकटं पत्र पाठवण्यापेक्षा आधी सभासदांची यादी मागा. अर्ज कुठं करायचा हे तुमच्या पत्त्यावर नाही, कंपनीच्या नोंदणीकृत ऑफिसवर ठरतं, कर्नाटकातली कंपनी असेल तर बेंगळुरू आणि महाराष्ट्रातली असेल तर, तुम्ही बेळगावात राहत असलात तरी, मुंबई.