पुरुष बायकांपेक्षा उंच का? त्यातलं वयात येण्याचं गणित कसं कळलं

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, कुठल्याही देशात बघा, पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त भरते, बऱ्याच ठिकाणी साधारण १२-१३ सेंटीमीटरने. मग आपण म्हणतो मुलगे जास्त वाढतात, झालं. पण आठ-नऊ वर्षांचे मुलगे-मुली शेजारी उभे करा, फरक जवळपास दिसतच नाही, जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. आणि बाराव्या वर्षी तर बऱ्याचदा मुलीच उंच असतात. म्हणजे हा सगळा फरक शेवटच्या काही वर्षांत पडतो, आणि तो नेमका कसा पडतो हे कळायला माणसाला दोनशे वर्षं लागली!

सुरुवात एका फ्रेंच बापापासून. ग्वेनो द मोंबेयार नावाच्या सरदाराने १७५९ ला मुलगा झाल्यापासून साधारण दर सहा महिन्यांनी त्याची उंची मोजून लिहून ठेवली, १७७७ पर्यंत, म्हणजे पोरगं १८ वर्षांचं होईपर्यंत. ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ते आकडे छापले. त्यात एक गमतीची नोंद पण आहे, रात्रभर नाचून आल्यावर पोराची उंची कमी भरली आणि झोप काढल्यावर परत जागेवर आली (मणके दबतात, बाकी काही नाही). असो, महत्त्वाचं ते की दर वर्षी किती वाढला असं मांडलं तर लहानपणापासून वेग कमी कमी होत जातो आणि चौदाच्या आसपास एकदम उसळी दिसते. पण हा एकच मुलगा, मुलीशी तुलना कशाची करणार?

ती तुलना १८७० च्या दशकात बोस्टनच्या हेन्री बाउडिच या डॉक्टरने केली, शाळेतली २४ हजारांवर मुलं मोजून. त्याला दिसलं की साधारण साडेबारा ते साडेचौदा या वयात मुली मुलग्यांपेक्षा उंच असतात, मग मुलगे त्यांना मागे टाकतात ते कायमचं. आता हे वाचल्यावर लगेच डोक्यात यायला हवं की मुलींची उसळी आधी येते आणि मुलग्यांची नंतर, पण सरासरीत एक लोच्या होता. फ्रान्झ बोआसने १८९० च्या दशकात तो दाखवला. तेरा वर्षांची शंभर मुलं घेतली तर काहींची उसळी संपत आलेली असते, काही मधोमध असतात, काहींची सुरूच झालेली नसते, आणि सगळ्यांची सरासरी काढली की उसळी पसरट होऊन जाते, खऱ्या कुठल्याच मुलाची वाढ तशी नसते. म्हणजे वर्षानुवर्षं तीच तीच मुलं मोजायची आणि प्रत्येकाची उसळी कधी आली हे वेगळं काढायचं, त्याशिवाय हिशोब जमणार नाही. विसाव्या शतकात असे लांबलचक अभ्यास झाले, इंग्लंडमधला टॅनरचा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध.

मला स्वतःला यातला सगळ्यात आवडणारा हिशोब झ्युरिकचा आहे. लार्गो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तिथल्या मुलांच्या वाढीचे आलेख घेऊन विचारलं, मोठेपणीचा १२.६ सेंटीमीटर फरक नक्की कुठून कुठून आला? उत्तर असं: १.६ सेंटीमीटर लहानपणीच मुलगे थोडे पुढे असल्यामुळे, ६.४ सेंटीमीटर मुलग्यांची उसळी उशिरा सुरू झाल्यामुळे, ६ सेंटीमीटर उसळीच जोरदार असल्यामुळे, आणि उसळी ओसरल्यावर मुली मुलग्यांपेक्षा थोड्या जास्त वाढतात म्हणून त्यातून १.४ वजा. जमतंय बरोबर.

यातला ६.४ चा आकडा जरा उलगडून बघा कारण वयात येण्याची वेळ म्हणतात ती इथे आहे. मुलीची उसळी साधारण साडेनऊ-दहाला सुरू होते, मुलग्याची अकराच्या आसपास. मधल्या दीडेक वर्षात मुलगा काही खास करत नसतो, लहानपणीच्याच संथ वेगाने वर्षाला साडेचार-पाच सेंटीमीटर वाढत राहतो, तेवढेच सहाएक सेंटीमीटर. पण मुलगी साडेनऊला ज्या उंचीवरून उसळी घेते, त्यापेक्षा मुलगा एवढ्या वरून उडी मारतो. मग उडी पण मोठी, ऐन भरात मुलग्याचा वेग वर्षाला साडेनऊच्या आसपास जातो, मुलीचा आठ-सव्वाआठ. आणि लहानपणीच्या संथ वाढीत पाय धडापेक्षा जास्त वाढतात, म्हणून पुरुषांचे पाय धडाच्या मानाने थोडे लांब असतात, त्यामागे हीच जास्तीची वर्षं.

बरं, थांबवतं कोण? हाडाच्या टोकाला ग्रोथ प्लेट असते, कूर्चेचा पट्टा, तिथे नवीन हाड बनतं. तो पट्टा हाडात मिसळून गेला की वाढ संपली. बरीच वर्षं सगळे धरून चालले होते की मुलींमध्ये हे इस्ट्रोजेन करतं आणि मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन. ते १९९४ ला मोडलं. अमेरिकेत २८ वर्षांचा एक माणूस सापडला, उंची २०४ सेंटीमीटर आणि अजून वाढतच होता! त्याचं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, दाढी-मिशी सगळं नॉर्मल, पण हाताच्या एक्सरेत हाडाचं वय पंधरा. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन होतं पण ते पकडणारा रिसेप्टरच जन्मापासून बिघडलेला, त्यामुळे बाहेरून भरपूर इस्ट्रोजेन देऊनही काही फरक पडला नाही. नंतर उलट प्रकारचे पेशंट पण सापडले, ज्यांचं शरीर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन बनवूच शकत नव्हतं, तेही असेच वाढत राहिलेले. त्यांना टेस्टोस्टेरॉन देऊन पट्टे बंद झाले नाहीत, इस्ट्रोजेन दिल्यावर झाले. म्हणजे मुलग्यांमध्येही दार इस्ट्रोजेनच लावतं, फक्त ते टेस्टोस्टेरॉनपासून बनून येतं आणि उशिरा येतं. आणि हेच इस्ट्रोजेन सुरुवातीला कमी प्रमाणात असताना ग्रोथ हॉर्मोन वाढवून उसळीला मदत करतं.

इथे एक गोष्ट लोक हमखास चुकवतात. मुलगे उशिरा वयात येतात म्हणून उंच, तर मग उशिरा वयात येणारा मुलगा मित्रांपेक्षा उंच होणार, असं वाटतं ना? बहुतेक वेळा नाही होत. त्याला आधीची वर्षं जास्त मिळतात पण त्याची उसळी जरा बेताची असते, लवकर आलेल्याची जोरदार, त्यामुळे शेवटी दोघं जवळपास तिथेच येतात. फार लवकर, म्हणजे सहा-सात वर्षांची असतानाच वयात येणारी मुलं मात्र वेगळी, ती वर्गात सगळ्यात उंच दिसतात आणि पट्टे लवकर बंद झाल्यामुळे मोठेपणी बुटकी राहू शकतात, म्हणून डॉक्टर अशा मुलांच्या हाताचा एक्सरे काढून हाडाचं वय बघतात.

आणि सगळंच हॉर्मोनवर ढकलता येत नाही. काही बायकांमध्ये एक्स-वाय गुणसूत्रं असतात पण शरीर टेस्टोस्टेरॉनला अजिबात दाद देत नाही, म्हणून त्या मुलगी म्हणूनच वाढतात. त्यांची सरासरी उंची इतर बायकांपेक्षा जास्त भरते, पुरुषांपेक्षा थोडी कमी. टेस्टोस्टेरॉनचा थेट जोर नसतानाही एवढी उंची आली म्हणजे वाय गुणसूत्राचाही स्वतःचा काही वाटा धरावा लागतो. लहानपणीचा तो सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक वयात यायच्या आधीचा असल्यामुळे त्याचाही काही भाग बहुधा तिथूनच येत असावा.