‘हायलाइट्स’ आणि ‘समाविष्ट’: टूरच्या रीलखाली या दोन गोष्टी एक समजू नका

रीलखाली लिहिलेलं असतं: “बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी, तेप्प्यातून सफर! मुक्काम, नाश्ता, जेवण समाविष्ट.” वाचणारा सगळंच एका पैशात धरतो. खरं तर हायलाइट्समध्ये बस कुठे थांबणार एवढंच असतं, आणि समाविष्टमध्ये कुठला खर्च एजन्सी भरणार ते. दोन्हींतला फरक सहसा तिकीट खिडकीपाशी कळतो, आणि वादावादीही तिथेच होते.

निपाणी-बेळगावहून निघणारी तीन दिवसांची टूर धरू. बदामीजवळ बनशंकरीचं दर्शन आहे, त्याला तिकीट नाही. पण बदामीची लेणी, ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी इथं पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. भारतीयांसाठी पहिल्या दोन ठिकाणी 25-25 रुपये, जागतिक वारसा असलेल्या पुढच्या दोन ठिकाणी 40-40. म्हणजे माणशी 130. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. रक्कम मोठी नाही. एजन्सीने ती पॅकेजमध्येच घालावी, असं माझं मत. चाळीस माणसांना रांगेत सुटे पैसे काढायला लावण्यात अर्धा तास जातो तो वेगळाच.

खरी गोची हंपीत आहे. विठ्ठल मंदिराच्या तिकिटात बॅटरीच्या गाडीचं भाडं येत नाही, आणि बस साधारण किलोमीटरभर अलीकडेच थांबते. बरोबर आजी-आजोबा असतील तर ही ओळ कॅप्शनमध्ये हवीच. तेप्प्याचं, म्हणजे नदीतल्या गोल होडीचं, आणखी वेगळं: तुंगभद्रेला पाणी जास्त असलं की तो बंदच. म्हणून तो हायलाइट्समध्ये ठामपणे लिहू नये.

मी असं लिहीन:

“बनशंकरी दर्शन, बदामी लेणी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी. समाविष्ट: निपाणी-बेळगावहून बस, दोन रात्री मुक्काम, तीन नाश्ते, रोज दोन शाकाहारी जेवणं, वरील ठिकाणांची प्रवेश तिकिटं. स्वखर्चाने: हंपीतली बॅटरी गाडी, पाणी उतरलेलं असेल तर तेप्पा. जीएसटी 5 टक्के वेगळा. निघणार 9 ऑक्टोबर. आगाऊ रकमेची शेवटची तारीख 10 सप्टेंबर, उरलेली 25 सप्टेंबरपर्यंत.”

शेवटच्या दोन तारखाही अशाच गल्लत करणाऱ्या. नुसतं “बुकिंग 25 तारखेपर्यंत” लिहिलं, तर लोक 24 ला सीट विचारायला येतात आणि खोल्या आधीच भरलेल्या असतात. आणि “सुट्टीत टूर” एवढंच तर लिहूच नये. आपल्याकडच्या कर्नाटकी शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, पलीकडे कागल-कोल्हापूरच्या पाहुण्यांना दिवाळीला.