नफ्याचा डाव, तरी खिसा रिकामा

व्हिक्टर हघानी आणि रिचर्ड ड्यूई यांनी 2016 साली एका प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध केली. वित्त आणि अर्थशास्त्र शिकणारे विद्यार्थी आणि वित्तसंस्थांत काम करणारे तरुण, अशा 61 जणांना प्रत्येकी 25 डॉलर दिले. संगणकावरचं नाणं उडवायचं, हवी तेवढी पैज लावायची. छापा पडण्याची शक्यता 60 टक्के आहे, हे आधीच सांगितलेलं. वेळ अर्धा तास, आणि जिंकलेली रक्कम खरोखर मिळणार. तरीही 28 टक्के लोक सगळे पैसे घालवून बसले! खेळ त्यांच्या बाजूचा होता. चुकलं ते पैजेच्या आकारात.

समजा तुमच्याकडे 1000 रुपये आहेत आणि दर वेळी जवळ असेल त्याच्या निम्मी रक्कम तुम्ही छाप्यावर लावता. दहा डावांत नशिबाने अगदी हिशोबाप्रमाणे साथ दिली, 6 छापे आणि 4 काटे पडले. प्रत्येक छाप्याला रक्कम दीडपट होते, प्रत्येक काट्याला निम्मी. क्रम कसाही असो, शेवटी हातात उरतात सुमारे 712 रुपये. हरलेल्या डावांपेक्षा जिंकलेले डाव जास्त असूनही तोटा, कारण रक्कम इथे बेरजेने नाही, गुणाकाराने बदलते. एकदा जिंकून एकदा हरलात तर 1000चे 1500 आणि 1500चे 750 होतात. निम्मे झालेले पैसे परत जागेवर आणायला दुप्पट व्हावे लागतात, दीडपट होऊन भागत नाही.

आता पाचवा हिस्सा लावून बघा. तेच 6 छापे, तेच 4 काटे, आणि 1000चे साधारण 1223 होतात.

हा पाचवा हिस्सा कुठून आला? अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी 1956 साली हे गणित मांडलं. जेवढी पैज तेवढाच नफा मिळत असेल, तर जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करायची. 60 वजा 40, म्हणजे 20 टक्के. नफा पैजेच्या b पट असेल तर सूत्र असं होतं: f = p − q/b. इथे p ही जिंकण्याची शक्यता, q हरण्याची, आणि f म्हणजे भांडवलाचा लावायचा हिस्सा. उत्तर शून्य किंवा ऋण आलं तर पैज लावायचीच नाही. म्हणूनच सरळमार्गी रूलेटमध्ये पैजा कशाही लावल्या तरी फायदा काढता येत नाही.

केलींनी सरासरी रकमेचा विचार केला नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. निम्मी रक्कम लावणाऱ्यांची सरासरी काढली तर दहा डावांनंतर ती 2594 रुपये भरते. पण ही सरासरी फुगते ती ओळीने छापे पडलेल्या मोजक्या भाग्यवंतांमुळे. बाकीच्यांच्या हाती तिचा मागमूसही नसतो. केलींनी रकमेच्या लॉगरिदमची सरासरी जास्तीत जास्त केली, म्हणजे एकाच माणसाचं भांडवल खूप डावांनंतर दर डावाला किती टक्क्यांनी वाढतं ते पाहिलं. आपल्या नाण्यासाठी 20 टक्के पैजेला ही वाढ दर डावाला 2 टक्क्यांच्या आसपास येते. 40 टक्के लावले की वाढ जवळजवळ पूर्ण संपते, किंचित घटच सुरू होते. 50 टक्क्यांना दर डावाला 3 टक्क्यांहून जास्त घट. शंभर डावांत 60 छापे पडूनही 1000चे जेमतेम 33 रुपये उरतात.

प्रत्यक्षात मात्र 60 टक्के हा आकडा कुणी हातात आणून देत नाही, तो अंदाजाने काढावा लागतो. खरी शक्यता 55 असताना तुम्ही 60 धरलीत, तर योग्य हिस्सा 10 टक्के असताना तुम्ही 20 लावत राहता आणि वाढ शून्यावर येते. खेळ अजून तुमच्याच बाजूचा असतो, पण पैसे वाढत नाहीत.

शिवाय अंदाज अचूक असला तरी पूर्ण केली-हिस्सा पोटात गोळा आणतो. डाव पुष्कळ आणि पैजा लहान असतील, तर भांडवल कधी ना कधी सुरुवातीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता जवळपास 50 टक्के असते. म्हणून अनेक अनुभवी लोक अर्धाच हिस्सा लावतात. आपल्या नाण्यावर 10 टक्के लावले तर दर डावाची वाढ दीड टक्का राहते, म्हणजे पूर्ण वाढीच्या तीन चतुर्थांश. भांडवल निम्म्यावर येण्याची शक्यता मात्र आठात एकपर्यंत उतरते. आणि खरी शक्यता 55च निघाली, तरी तुम्ही नेमका योग्य तोच हिस्सा लावत असता.