लिंगभाव ‘वठवला’ जातो म्हणजे काय? एका सिद्धांताची पार्श्वभूमी आणि नोकरीच्या ठिकाणची उदाहरणं

लिंगभाव नैसर्गिक नसतो, तो वागण्यातून घडत जातो, हे वाक्य असाइनमेंटमध्ये लिहायला सोपं आहे. अडचण पुढच्या वाक्यापासून सुरू होते. लिंगभाव हा ‘परफॉर्मन्स’ आहे म्हटलं की रंगमंच डोळ्यांसमोर येतो. नट भूमिका करतो, प्रयोग संपला की रंग पुसतो आणि घरी जातो. मग बायका बाई असल्याचं आणि पुरुष पुरुष असल्याचं सोंग घेतात का, असा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. या सिद्धांताचं म्हणणं तसं मुळीच नाही, आणि ते का नाही हे समजायचं तर तो कोणत्या वाटेने आला ते पाहावं लागतं.

सुरुवात बहुतेक जण फ्रेंच विचारवंत सिमोन द बोव्हार यांच्यापासून करतात. ‘बाई जन्माला येत नाही, ती घडते’ हे त्यांचं १९४९ सालचं म्हणणं सगळ्यांना पाठ असतं. पण ही घडण रोजच्या रोज, माणसामाणसांतल्या व्यवहारात कशी चालते, याचं बारकाईचं निरीक्षण पुढे समाजशास्त्रज्ञांनी केलं. त्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९५८ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, यूसीएलएमध्ये, १९ वर्षांची एक तरुणी शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांकडे आली. अभ्यासात तिचं नाव ‘ॲग्नेस’ असं ठेवलं आहे. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत ती मुलगा म्हणून वाढली होती आणि आता बाई म्हणून जगत होती. एका विमा कंपनीत ती टायपिस्ट होती. हॅरल्ड गार्फिंकल या समाजशास्त्रज्ञाने तिच्याशी दीर्घ मुलाखती केल्या आणि १९६७ साली त्यावर लिहिलं.

ॲग्नेसपुढचा पेच असा, की इतर मुली लहानपणापासून नकळत जे शिकतात ते तिला बाई म्हणून वावरता वावरताच शिकायचं होतं, आणि तेही आपण शिकतो आहोत हे कुणाला कळू न देता. तिचा प्रियकर दुसऱ्या एखाद्या मुलीच्या वागण्यावर टीका करायचा, तेव्हा ती ऐकून घ्यायची आणि बाईने काय करायचं नसतं ते मनात नोंदवायची. आपलंच म्हणणं रेटायचं नाही, मत लगेच मांडायचं नाही, हे ती आजूबाजूच्या मैत्रिणींकडून शिकली. गार्फिंकलचं मोठं निरीक्षण ॲग्नेसपेक्षा इतरांबद्दल आहे. ती जे जाणीवपूर्वक, धास्तावून करत होती, तेच बाकीचे सगळे सवयीने करतात. सवय इतकी मुरलेली असते की करणाऱ्यालाही ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला आपण ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळे होतो.

कँडेस वेस्ट आणि डॉन झिमरमन यांनी याच उदाहरणाचा आधार घेत १९८७ साली ‘डुइंग जेंडर’ हा निबंध प्रसिद्ध केला. लिंगभाव हा माणसाचा गुणधर्म नाही, ती इतरांच्या साक्षीने सतत चाललेली कृती आहे, असं ते म्हणतात. हे वाक्य बहुतेक असाइनमेंटमध्ये येतं. त्याच्या जोडीला येणारी दुसरी कल्पना मात्र सुटते, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. ती म्हणजे उत्तरदायित्व. आपलं वागणं ‘बाईला शोभेलसं’ किंवा ‘पुरुषाला शोभेलसं’ आहे का, याचा हिशेब कुणीही, कधीही मागू शकतो. वेगळं वागायला बंदी नसते, पण वेगळं वागणाऱ्याला जाब द्यावा लागतो. एखादी कृती लिंगभावाची आहे का, हे ओळखायचं असेल तर ती चुकल्यावर काय होतं ते पाहावं. कुणी टोकतं, कुणी हसतं, की कुणाची बढती अडते?

दुसरी वाट तत्त्वज्ञानातून आली. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत दाखवलं की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारल्यानेच एखादी गोष्ट घडते. ‘मी वचन देतो’ म्हणणं हेच वचन देणं असतं. अशा वाक्यांना त्यांनी ‘परफॉर्मेटिव्ह’ म्हटलं. तत्त्वज्ञ जुडिथ बटलर यांनी १९८८ च्या निबंधात आणि १९९० च्या ‘जेंडर ट्रबल’ या पुस्तकात हाच शब्द लिंगभावासाठी वापरला. बाळ जन्मल्यावर ‘मुलगी झाली’ असं म्हटलं जातं, तेव्हा ती नुसती बातमी नसते. त्या क्षणापासून मुलगी घडवण्याचं काम सुरू होतं आणि पुढे ते हजारो वेळा पुन्हा पुन्हा होत राहतं. आधी आत एक बाई किंवा पुरुष असतो आणि मग तो बाहेर व्यक्त होतो, हा क्रम बटलर उलटा करतात. एकाच प्रकारच्या कृती पुन्हा पुन्हा होत राहिल्यामुळे आत काहीतरी कायमचं असल्याचा भास तयार होतो. मग सकाळी उठून कपाटातल्या कपड्यांसारखा लिंगभाव निवडता येतो का? असा अर्थ वाचकांनी काढला, आणि तो आपल्याला अभिप्रेत नाही हे बटलर यांना १९९३ च्या पुस्तकात सविस्तर सांगावं लागलं. नियम आपल्या आधीपासून असतात. ते पाळताना आपण आपण होतो, आणि मोडले तर शिक्षा असते.

म्हणूनच या सिद्धांतासाठी नोकरीची जागा फार उपयोगी पडते. घरात शिक्षा टोमण्यात विरून जाते. ऑफिसात तीच शिक्षा मूल्यमापनाच्या फॉर्मवर, पगारात आणि पदात उतरते, म्हणजे तिचा कागद सापडतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ साली डेल्टा कंपनीच्या विमानांतल्या कर्मचाऱ्यांवर लिहिलं. विमानात काम करणाऱ्या बाई आणि पुरुष कर्मचाऱ्यांचं पद एकच, नियमही तेच. तरी बाईच्या सूचनेवर प्रवासी हुज्जत घालायचे आणि पुरुषाने सांगितलं की लवकर ऐकायचे. हसतमुख राहणं, राग गिळणं हे बायकांकडून जास्त अपेक्षित होतं. कंपनीने ते प्रशिक्षण देऊन शिकवलेलं काम होतं, पण पाहणाऱ्याला वाटायचं की या बायका मुळातच प्रेमळ आहेत.

पण एकच उदाहरण सविस्तर घ्यायचं असेल तर मी ॲन हॉपकिन्स यांचं घेईन. त्या वॉशिंग्टनमध्ये प्राइस वॉटरहाऊस या अकाउंटिंग फर्मच्या ऑफिसात काम करत होत्या. १९८२ साली त्यांचं नाव भागीदारीसाठी सुचवलं गेलं. त्या वर्षी एकूण ८८ उमेदवार होते आणि त्यांत बाई एकटी हॉपकिन्स. फर्मच्या ६६२ भागीदारांपैकी बायका होत्या ७. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं सुमारे अडीच कोटी डॉलरचं कंत्राट फर्मला मिळालं त्यात हॉपकिन्स यांचा मोठा वाटा होता. तरी ४७ जणांना भागीदारी मिळाली, २१ जणांना नकार, आणि हॉपकिन्स यांच्यासह २० जणांचा निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला गेला. पुढच्या वर्षी तर त्यांचं नाव पुन्हा सुचवायलाच त्यांच्या ऑफिसने नकार दिला.

हॉपकिन्स यांनी फर्मवर भेदभावाचा खटला भरला, आणि भागीदारांनी लेखी दिलेले शेरे कोर्टासमोर आले. एकाने त्यांना ‘मर्दानी’ म्हटलं होतं. बाई असल्याची भरपाई त्या जरा जास्तच करतात, असं दुसऱ्याचं मत. आणखी एकाने त्यांना शिष्टाचार शिकवणाऱ्या वर्गाला पाठवायचा सल्ला दिला होता. त्या शिव्या देतात अशी तक्रार होती, आणि त्यावर त्यांच्याच एका समर्थकाने लिहिलं की शिव्या देणारी बाई आहे म्हणूनच ही तक्रार होते आहे. निर्णय समजावून सांगताना एका वरिष्ठ भागीदाराने पुढच्या वेळेसाठी उपाय सांगितला: चालणं, बोलणं, कपडे जरा बायकी ठेवा, मेकअप करा, केस नीट करवून घ्या, दागिने घाला.

हा सल्ला वेस्ट-झिमरमन वाचत वाचत पाहावा. बायकीपणा जर निसर्गतःच असता तर तो शिकून यायला सांगायची गरज पडली नसती. वरिष्ठाने नकळत पूर्ण यादीच हातात दिली, आणि यादीतली प्रत्येक गोष्ट ही करायची गोष्ट आहे. दुसरीकडे, त्या पदावर पोचायला आक्रमकता लागत होती. ती दाखवली तर बाई म्हणून कमी पडायचं, न दाखवली तर भागीदार म्हणून. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी नेमक्या याच कोंडीवर बोट ठेवलं आणि लिंगाच्या साचेबद्ध कल्पनांवरून माणसाला जोखणं हाही लिंगाधारित भेदभावाचा पुरावा ठरू शकतो असं मान्य केलं. खटला पुन्हा खालच्या कोर्टात गेला, आणि १९९० मध्ये त्या कोर्टाने हॉपकिन्स यांना भागीदार करण्याचा आदेश दिला.

असाइनमेंटमध्ये इथे एक प्रामाणिकपणा पाळायला हवा. हॉपकिन्स हाताखालच्या लोकांशी फार कडक वागतात, ही तक्रार त्यांच्या काही समर्थकांचीही होती आणि कोर्टाने ती खोटी ठरवली नाही. म्हणजे प्रत्येक टीका लिंगभावातूनच आली असं या खटल्यावरून सिद्ध होत नाही. पण तोच कडकपणा पुरुषात दिसला असता तर त्याचं वर्णन कोणत्या शब्दांत झालं असतं, हा प्रश्न विचारण्याची जागा मात्र त्याने मिळते.

कोर्टाचा हा युक्तिवाद किती दूरवर पोचतो, ते दुसऱ्या एका खटल्यात दिसतं. अमेरिकेतल्या रेनो शहरात हॅराज या कॅसिनोत डार्लीन जेस्पर्सन सुमारे २० वर्षं बारटेंडर होत्या. काम चोख, ग्राहक खूश. २००० साली कंपनीने नवे नियम आणले. बायकांनी पावडर, मस्कारा, लिपस्टिक लावायची, नखं रंगवायची, केस सेट करायचे. जेस्पर्सन यांना मेकअप करून आपण आपण राहत नाही असं वाटायचं. त्यांनी नकार दिला आणि नोकरी गेली. २००६ मध्ये अपील कोर्टाने बहुमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नियम दोघांनाही आहेत आणि बायकांवर जास्त भार पडतो असा पुरावा समोर आलेला नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

पुरुषांसाठीचे नियम काय होते तेही पाहण्यासारखं आहे. केस कॉलरच्या खाली नकोत, नखं स्वच्छ आणि कापलेली हवीत, मेकअप करायचा नाही. म्हणजे पुरुषाचा धुतलेला चेहरा कामावर यायला पुरेसा होता, बाईचा धुतलेला चेहरा मात्र नियमभंग होता. या खटल्यावर लिहिणारे बहुतेक जण बायकांच्या लिपस्टिकबद्दलच बोलतात. पण पुरुषांना मेकअपची मनाई करणारी ओळही त्याच कागदावर आहे. एखादा पुरुष बारटेंडर मस्कारा लावून आला असता तर त्यालाही जाब द्यावा लागला असता. असाइनमेंटसाठी नियमावली वाचायला घ्याल तेव्हा ती ओळ सोडू नका.